मुलाखतीत 'तुमची चूक सांगा' म्हटलं की खरी चूक किती सांगायची? औषध कंपनी, प्रॉडक्शन

तिसरी_पाळी · रविवार, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. मी गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात ग्रॅन्युलेशनला, म्हणजे पावडरचे दाणे करण्याच्या विभागात, एक्झिक्युटिव्ह आहे, पाच वर्षं झाली. दुसऱ्या कंपनीत सीनियर एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी पुढच्या शनिवारी मुलाखत आहे. पॅनेलवर प्रॉडक्शन हेड, गुणवत्ता खात्याचे म्हणजे क्यूए हेड आणि एचआर असे तिघं असतील. आमच्या क्षेत्रात 'एखादी चूक सांगा' आणि 'तुमची कमजोरी काय' हे दोन प्रश्न हमखास येतात.

माझ्याकडे खरी चूक आहे. 300 किलोची बॅच एफबीडीत, म्हणजे गरम हवेच्या ड्रायरमध्ये सुकत होती. एलओडीची, म्हणजे मालात उरलेल्या ओलीची मर्यादा 1.5 ते 2.5 टक्के. पाळी संपायला आली होती, मी बाऊलच्या वरच्या थरातून सॅम्पल घेतलं, 2.1 आला, बॅचच्या नोंदींच्या कागदात म्हणजे बीएमआरमध्ये लिहिला, प्रिंट चिकटवली, माल पुढे गेला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशनला, म्हणजे गोळ्या दाबताना, गोळीवरची अक्षरं पुसट यायला लागली. पंच काढून बघितले तर अक्षरांच्या खाचेत पावडर चिकटलेली. ब्लेंडचा, म्हणजे सगळा मिसळलेल्या मालाचा एलओडी पुन्हा केला तर 3.4. शेवटी बॅच रिजेक्ट झाली.

बीएमआरमध्ये 'सॅम्पल घ्या' एवढंच होतं, कुठून ते नव्हतं. उत्तर असं तयार केलंय: "बीएमआरमध्ये सॅम्पलिंगची जागा स्पष्ट नसल्यामुळे एलओडी चुकीचा आला. नंतर बीएमआर सुधारला आणि सर्वांचं ट्रेनिंग झालं." यात एक शब्द खोटा नाही. हे सांगू, की एखादी छोटी चूक शोधू?

रोखठोक · रविवार, रात्री 9:34

छोटी शोधा. मी प्लांटमध्ये बरीच वर्षं काढलीत. पॅनेलच्या डोक्यात शेवटी एकच गोष्ट राहते, 'बॅच घालवणारा'. बाकी तुम्ही काय शिकलात ते कोणी लक्षात ठेवत नाही. दुसरा उमेदवार सांगेल की माझ्याकडून एकदा लेबल तिरकं लागलं, आणि जागा त्याला मिळेल. कमजोरी विचारली तर सांगा, काम अगदी चोख झाल्याशिवाय मला सोडवत नाही. मुलाखत म्हणजे कबुलीजबाब नव्हे.

पानगळ · रविवार, रात्री 9:50

मी एचआरमध्ये आहे, फार्मा नाही, ऑटो पार्ट्स. शेवटच्या वाक्याशी सहमत, मधल्याशी अजिबात नाही. 'काम चोख झाल्याशिवाय सोडवत नाही' हे आम्ही एका दिवसात तीन-चार जणांकडून ऐकतो. फॉर्मवर त्या प्रश्नासमोर काहीच लिहिता येत नाही आणि तो रकाना रिकामा राहिला की मार्क कमीच पडतात. लेबल तिरकं लागल्याचंही तसंच. ऐकणाऱ्याला वाटतं, पाच वर्षांत याच्या हातात जबाबदारीचं काही दिलंच नसावं.

अभ्यासिका_सदाशिव · रविवार, रात्री 10:05

माझाही हाच प्रश्न आहे. यूपीएससीची मुलाखत 275 गुणांची असते. माझी पदवीनंतर चार वर्षं तयारीत गेलीत, दोनदा मेन्समध्ये अडकलो. बोर्डाने गॅपबद्दल विचारलं तर अपयश म्हणून सांगायचं की नाही? घरची शेती बघत होतो असं सांगावं, असं मित्र म्हणतात.

केतकी · रविवार, रात्री 11:20

तिसरी_पाळी, मी क्यूएमध्ये होते, आता निवृत्त आहे. मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बरंच बसलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची चूक चांगली आहे, तुमचं उत्तर चांगलं नाही. 'एक शब्द खोटा नाही' म्हणता ते मान्य. पण त्या उत्तरात तुम्ही कुठेच नाही आहात. बीएमआरने चूक केली, बीएमआर सुधारला, सगळ्यांचं ट्रेनिंग झालं. क्यूएचा माणूस दिवसभर अशाच वाक्यांचे डेव्हिएशन रिपोर्ट, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचे अहवाल वाचतो आणि परत पाठवतो. तो लगेच विचारेल, "या बॅचच्या आधी तुम्ही सॅम्पल कुठून घ्यायचात?" काय उत्तर द्याल?

मला वाटतं, तुम्ही एरवी वर, मध्ये आणि तळाशी असं तीन ठिकाणांहून घेत असणार. पाच वर्षं ग्रॅन्युलेशन केलेल्या माणसाला ठाऊक असतं की तळाला आणि कडेला ओल राहते, गोळे राहतात. मध्येच ड्रायर थांबवून बाऊल बाहेर काढून माल खालीवर करतात तो त्यासाठीच. ब्लेंड 3.4 आला, म्हणजे तळाचा माल त्याहूनही ओला होता, कारण वरचा 2.1 वाला त्यात मिसळलेला आहे. हे गणित क्यूए हेड तिथल्या तिथे मनात करेल. मग बीएमआरमध्ये जागा लिहिली नव्हती हे कारण तोकडं पडतं.

आता दुसरी गोष्ट. पाच वर्षांत बॅच गेली म्हणून कोणी दार बंद करत नाही, बॅचेस जातात. आमच्या क्षेत्रात दार बंद होतं ते नोंदींवरून. मागच्या तारखेची एंट्री, न केलेली तपासणी केली म्हणून लिहिणं, नको तो रीडिंग फाडून दुसरा चिकटवणं. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या, यूएसएफडीएच्या तपासणीत कंपन्यांना सगळ्यात महाग पडतं ते हेच. तुमच्या गोष्टीत 2.1 हा आकडा खरा होता, जिथून सॅम्पल घेतलं तिथला तो बरोबर होता. म्हणजे ही निर्णयाची चूक आहे, नोंदीची नाही. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं तेच आहे आणि नेमकं तेच उत्तरात आलेलं नाही.

मला एक सांगा, वरूनच सॅम्पल घेतलं हे तपासात कसं कळलं? त्या उत्तरावर बरंच अवलंबून आहे.

तिसरी_पाळी · सोमवार, सकाळी 7:15

केतकीताई, मीच सांगितलं. बीएमआरमध्ये फक्त आकडा होता, कोणाला कळायचं कारण नव्हतं. तपासाच्या बैठकीत सगळे मॉइश्चर बॅलन्सच्या कॅलिब्रेशनकडे वळले होते. तेव्हा मी म्हणालो की बॅलन्स ठीक असणार, मी सॅम्पल वरच्या थरातूनच घेतलं होतं. आणि हो, एरवी तीन ठिकाणांहूनच घेतो.

गोंयकार_वेर्णा · सोमवार, सकाळी 8:02

मी कॉम्प्रेशनवाला. पुसट अक्षरं दिसली की आधी सगळे प्रेशर वाढवतात, नाहीतर पंच पुसून मशीन परत चालू. रात्रपाळीला तर हमखास. तुमच्याकडे मशीन थांबवलं कोणी?

तिसरी_पाळी · सोमवार, सकाळी 8:20

ऑपरेटरने. प्रेशर वाढवून बघितलं नाही, थेट आयपीक्यूएला, म्हणजे चालू कामावर नजर ठेवणाऱ्या क्यूएच्या माणसाला बोलावलं. तोवर निघालेल्या गोळ्या बाजूला काढून टॅग केल्या.

गोंयकार_वेर्णा · सोमवार, सकाळी 8:26

मग मुलाखतीत त्या ऑपरेटरचं श्रेय त्यालाच द्या. तुम्ही थांबवलं असं चुकूनही येऊ देऊ नका. आमच्याकडे एकाने तसं सांगितलं होतं, पॅनेलवरच्या माणसाने "किती आरपीएमवर चाललं होतं?" विचारलं आणि सगळं उघडं पडलं.

धनश्री_म · सोमवार, दुपारी 1:40

मी बँकेत आहे, यातलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचतेय. एक शंका. हे सगळं सांगायला मुलाखतीत वेळ कुठे असतो? माझ्या मुलाखतीत पॅनेलने दुसऱ्याच वाक्याला तोडलं होतं.

केतकी · सोमवार, दुपारी 3:15

धनश्री, म्हणूनच दीड मिनिटाच्या वर जाऊ नये. आणि घटनेवर कमी, घटनेनंतरच्या गोष्टींवर जास्त वेळ द्यावा. लोक नेमकं उलटं करतात. यंत्र, बॅच, पाळी, मनुष्यबळाची टंचाई यातच मिनिट जातं, आणि मग 'यातून मी शिकलो' एवढ्यावर आटपतात.

तिसरी_पाळी, तुमच्याजागी मी असते तर काहीसं असं बोलले असते:

"माझ्या हातून एक बॅच रिजेक्ट झाली. ड्रायिंगनंतर मी सॅम्पल फक्त वरच्या थरातून घेतलं. एरवी तीन ठिकाणांहून घेतो, त्या दिवशी पाळी संपत आली म्हणून घेतलं नाही. रीडिंग मर्यादेत होता, पण तळाचा माल ओला होता. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशनला स्टिकिंग झालं, ऑपरेटरने मशीन थांबवलं. तपासात मी सॅम्पलची जागा सांगितली. बीएमआरमध्ये जागा लिहिलेली नव्हती, ती त्यानंतर आली. आता वर, मध्ये, तळ असे तीन वेगळे रीडिंग लिहावे लागतात आणि तळाचा रीडिंग मर्यादेत असल्याशिवाय माल उतरवता येत नाही."

इथे थांबायचं. 'मी प्रामाणिकपणे सांगितलं' असं म्हणू नका. तपासात जागा सांगितली, एवढंच पुरतं. ऐकणारा क्यूएचा असेल तर त्याला ते बरोबर ऐकू येतं. बीएमआरची त्रुटी सांगायचीच, ती खरी आहे, पण तुमच्या वाक्यानंतर. क्रम उलटा झाला की तीच माहिती सबब वाटते.

प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर, कोणत्या ग्राहकासाठी होती, यातलं काही नको. विचारलं तरी 'ते सांगता येणार नाही' म्हणा. आजच्या कंपनीचं गुपित तिथे सांगणारा उद्या इथलं बाहेर सांगेल हे त्यांना कळतं.

रोखठोक · सोमवार, संध्याकाळी 6:30

केतकीताई, तुम्ही क्यूएच्या नजरेतून बोलताय. प्रॉडक्शन हेड काय ऐकेल? 'पाळी संपत आली म्हणून घेतलं नाही.' त्याला सीनियर हवाय तो पाळी सांभाळायला. त्याच्यासाठी हे वाक्य जड जाईल. निदान ते तरी गाळा.

केतकी · सोमवार, रात्री 8:45

रोखठोक, तुमच्या आक्षेपात तथ्य आहे. ते वाक्य जड आहेच. पण गाळलं तर 'त्या दिवशीच का नाही घेतलं?' हा प्रश्न येतो, आणि तेव्हा तेच वाक्य तोंडातून काढून घेतल्यासारखं होतं. आपण आधी सांगितलेलं आणि खोदून काढलेलं यात फार फरक पडतो.

प्रॉडक्शन हेडसाठी तिसरी_पाळी यांनी एक गोष्ट तयार ठेवावी. आता पाळी संपताना ड्रायिंग अर्धवट असेल तर काय करता? घाईने उतरवता, की पुढच्या पाळीला देता? देत असाल तर कसं?

तिसरी_पाळी · सोमवार, रात्री 9:30

पुढच्या पाळीला देतो. हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये किती वाजता सुरू केलं, इनलेट तापमान, माल खालीवर केला की नाही, शेवटचा रीडिंग कुठला, एवढं लिहितो आणि ड्रायरपाशी उभं राहून दाखवतो. त्या बॅचनंतर मीच सुरू केलं, आता आमच्या सेक्शनला सगळेच करतात.

केतकी · सोमवार, रात्री 9:41

मग हे शेवटी घाला, आणि ट्रेनिंगचा उल्लेख पूर्ण काढून टाका. 'पुन्हा ट्रेनिंग दिलं' हा सगळ्यात कच्चा कॅपा, म्हणजे चूक परत होऊ नये म्हणून केलेला उपाय. तुम्हाला तीन ठिकाणांहून घ्यायचं हे आधीच माहीत होतं, मग ट्रेनिंगने काय बदललं असतं? बदललं ते हँडओव्हरने. घाईचं कारणच त्याने गेलं.

पानगळ · मंगळवार, सकाळी 10:10

हे फार पटलं. आमच्या फॉर्मवर या प्रश्नासाठी तीनच गोष्टी बघायला सांगितलेल्या असतात: स्वतःचा वाटा सांगितला का, कोणाला आणि किती लवकर कळवलं, आणि नंतर कामाची पद्धत बदलली का. चूक किती मोठी, असा रकानाच नाही. बाकी कंपन्यांचं मला माहीत नाही.

अभ्यासिका, तुमचा प्रश्न मागे राहिला. शेती खरंच बघत असाल तर सांगा. नसाल तर बोर्डाने 'खरीपाला काय पेरलं, एकरी किती उतारा आला' विचारलं की संपलं.

अभ्यासिका_सदाशिव · मंगळवार, सकाळी 11:00

नव्हतो बघत. वडील बघतात. मग 'दोनदा मेन्स पार झाली नाही' एवढंच सांगू?

केतकी · मंगळवार, दुपारी 12:20

एवढंच नको. कोणत्या पेपरला गुण कमी पडले आणि पुढच्या वेळी त्यासाठी काय वेगळं केलंत ते सांगा. गुणपत्रिका तुमच्या हातात असते, त्यावरून बोला. यूपीएससीच्या बोर्डाबद्दल याहून जास्त मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. तुम्ही वेगळा धागा काढलात तर जाणकार येतील.

झाकली_मूठ · मंगळवार, रात्री 10:55

सगळं छान आहे, पण तुम्ही सांगताय ती शेवट गोड झालेली चूक. माझं तसं नाही. मला मागच्या ठिकाणी वॉर्निंग लेटर मिळालं आणि मग राजीनामा द्यायला सांगितलं. कागदावर राजीनामाच आहे. नवीन ठिकाणी विचारतात, का सोडलं? 'करिअर ग्रोथ' म्हणतो. हे चालतं ना?

पानगळ · बुधवार, सकाळी 9:20

तारखांना हात लावू नका, एवढं आधी सांगते. ईपीएफच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. मधले महिने भरून काढायला म्हणून तारखा पुढेमागे केलेले लोक ऑफर लेटर हातात आल्यानंतर गेलेत, आणि तेव्हा आधीची नोकरीही सोडलेली असते.

कारणाबद्दल माझं मत असं की वॉर्निंग लेटरचं आपणहून सांगायला नको. पण थेट विचारलं की 'तुमच्यावर कारवाई झाली होती का', तर नाही म्हणू नका. फॉर्मवर तसा रकाना असेल तर तोही खरा भरा, खाली तुमची सही असते.

रोखठोक · बुधवार, सकाळी 9:45

आपणहून सांगू नका यावर तरी आपलं जमलं.

केतकी · बुधवार, दुपारी 2:30

माझं जमत नाही. फार्मात सगळे एकमेकांना ओळखतात. वाळूज, तारापूर, कुरकुंभ, वेर्णा, लोक इथल्याच कंपन्यांमधून फिरतात. ऑफरच्या आधी फोन जातोच. वॉर्निंग लेटर कशावरून होतं त्यावर ठरेल. उशिरा येण्यावरून असेल तर पानगळ म्हणतात तसं. नोंदीवरून असेल तर मला ते दुसरीकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेलं बरं. तरीही नोकरी मिळेलच असं म्हणत नाही. मी स्वतः अशा उमेदवाराला घेतलं असतं की नाही, सांगता येत नाही.

झाकली_मूठ · बुधवार, दुपारी 2:52

नोंदीवरूनच होतं. दोन तासांच्या तपासण्या एकदम लिहिल्या होत्या. विचार करतो.

तिसरी_पाळी · बुधवार, रात्री 10:15

मंडळी, चुकीबद्दलचं उत्तर आता जमलंय, मोठ्याने म्हणून बघितलं, दीड मिनिटाच्या आत बसतं. कमजोरीचं अजून अडलंय. माझी खरी कमजोरी इंग्रजीत रिपोर्ट लिहिणं. डेव्हिएशनचा मसुदा लिहायला मला फार वेळ लागतो, क्यूएकडून हमखास परत येतो. पण सीनियरला तेच काम जास्त असतं. म्हणजे हे सांगणं म्हणजे पायावर धोंडा नाही का?

रोखठोक · बुधवार, रात्री 10:28

आहे. नका सांगू. जागेचं मुख्य काम जे असेल ते कमजोरी म्हणून कोणी सांगतं का?

गोंयकार_वेर्णा · बुधवार, रात्री 10:40

पण पॅनेलने कागद पुढे करून 'या स्टिकिंगवर चार ओळी लिहा' म्हटलं तर? माझ्या एका मित्राला लिहायला लावलं होतं.

केतकी · गुरुवार, सकाळी 9:05

इथे रोखठोक अर्धे बरोबर आहेत. मुख्य कामच येत नसेल तर ती कमजोरी नाही, त्या जागेसाठी आपण तयार नाही असा त्याचा अर्थ होतो. पण तिसरी_पाळी यांना लिहिता येतं, वेळ लागतो. हे दोन वेगळे आहेत. मसुदा परत का येतो? भाषेमुळे की मजकुरामुळे?

तिसरी_पाळी · गुरुवार, सकाळी 9:30

बहुतेक वेळा मी घटना आणि कारण एकातच मिसळतो, म्हणून. भाषा ते सुधारून घेतात. हल्ली आधी मराठीत वेळेप्रमाणे नुसत्या घटना लिहितो, मग इंग्रजीत करतो. त्यामुळे परत येणं कमी झालंय, पण वेळ अजून लागतोच.

केतकी · गुरुवार, सकाळी 9:48

मग अगदी हेच सांगा, शेवटच्या 'वेळ अजून लागतोच' सकट. सुधारलो, आता काही अडचण नाही असं म्हटलंत तर ती कमजोरी उरत नाही आणि पॅनेल दुसरी विचारतं. तेव्हा तयारी नसलेलं काहीतरी तोंडातून जातं. 'इंग्रजी कच्चं आहे' एवढं मोघम मात्र म्हणू नका. त्यातून ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्हाला एसओपी वाचताही येत नाही.

रोखठोक · गुरुवार, सकाळी 10:15

मी अजून म्हणतो, धोका आहे. त्यापेक्षा एक्सेल कच्चं आहे सांगा, ते आठवड्यात शिकता येतं.

धनश्री_म · गुरुवार, सकाळी 10:31

मग ते आठवड्यात का शिकला नाहीत, असं विचारतील की हो.

तिसरी_पाळी · रविवार, दुपारी 12:10

काल मुलाखत झाली. चुकीबद्दलचा प्रश्न क्यूए हेडनी विचारला. मी सांगितलं, मध्ये तोडलं नाही. नंतर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. तळाचा रीडिंग किती आला असता असं वाटतं, आणि रिजेक्ट का केली, परत का नाही सुकवली. दुसऱ्याला मी म्हणालो, मॅग्नेशियम स्टिअरेट घालून झालं होतं, लुब्रिकेट झालेला माल परत एफबीडीत घालायला फाइल केलेली प्रक्रिया नव्हती, म्हणून क्यूएने निर्णय घेतला. ते काही बोलले नाहीत, लिहून घेतलं.

प्रॉडक्शन हेडनी मात्र रोखठोक म्हणाले तेच पकडलं. "पाळी संपताना घाई करण्याची सवय आहे का?" मी हँडओव्हरचं सांगितलं. त्यांनी रजिस्टरचे रकाने विचारले, सांगितले. समाधान झालं की नाही, चेहऱ्यावरून कळलं नाही. कमजोरीचं एचआरनी विचारलं, रिपोर्टचं सांगितलं. त्यावर प्रॉडक्शन हेड म्हणाले, "म्हणजे आमचं डेव्हिएशन वेळेत बंद होणार नाही." मी म्हटलं, आमच्याकडे मुदत 30 दिवसांची आहे, माझं एकही मुदतीबाहेर गेलेलं नाही. निकाल दोन आठवड्यांत कळवतो म्हणालेत.

रोखठोक · रविवार, दुपारी 12:35

बघा, दोन्ही वेळा प्रॉडक्शन हेडच अडले. पण 30 दिवसांचं उत्तर चांगलं दिलंत. ते आधीच सांगायला हवं होतं.

केतकी · रविवार, दुपारी 1:20

हो, तो मुद्दा माझ्याही लक्षात यायला हवा होता. वेळ लागतो म्हटलं की लगेच मुदत सांगायची.

तळाच्या रीडिंगचं काय उत्तर दिलंत?

तिसरी_पाळी · रविवार, दुपारी 1:32

अंदाजे साडेचारच्या पुढे, असं म्हणालो. वरचा आणि तळाचा माल साधारण निम्मा-निम्मा धरला तर. पण तेव्हा तळाचं सॅम्पल कोणी घेतलंच नव्हतं, त्यामुळे हा अंदाजच आहे, हेही सांगितलं.

झाकली_मूठ · रविवार, संध्याकाळी 7:05

केतकीताई, माझी पुढच्या महिन्यात तारापूरला मुलाखत आहे. दोन तासांच्या तपासण्यांचं मी सांगायचं ठरवलं, तर सुरुवात कुठून करू? इथेच लिहू की वेगळा धागा काढू?

केतकी · रविवार, संध्याकाळी 7:40

इथेच लिहा. त्या दोन तासांत तपासण्या झाल्याच नव्हत्या, की झाल्या होत्या आणि लिहिल्या उशिरा, हे आधी सांगा.